नेब्युलायझर लावूनही बाळाची घरघर थांबत नाही? औषध बदलण्याआधी हे तपासून बघा

पावसाळा लागला आणि प्लेग्रुप सुरू झाले की आमच्या ओपीडीत रोज तेच ऐकायला येतं. "सिस्टर, दर महिन्याला याची छाती भरते हो, घरी मशीन आहे, आम्ही लावतो पण, तरी खोकला हटत नाही, डॉक्टरांना जरा स्ट्राँग औषध द्यायला सांगा ना." मी लहान मुलांच्या विभागात नर्स आहे, मशीन आणि स्पेसर, म्हणजे इनहेलरचा पंप आणि मास्क यांच्या मधे बसणारी प्लास्टिकची पोकळ नळी, कसं वापरायचं ते आईबाबांना शिकवणं हे माझं रोजचंच काम आहे, त्यामुळे सांगते, यातल्या बऱ्याच घरांमधे औषध बरोबरच असतं. ते मुलाच्या छातीपर्यंत पोचत नसतं, एवढंच. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. साधारण १ ते ५ वर्षांच्या मुलांबद्दल आहे हे. कोणतं औषध आणि किती ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मी ते पोचवायचं कसं आणि पोचलं नाही हे ओळखायचं कसं तेवढंच सांगतेय.

सगळ्यात आधी हे बघा की ती घरघर खरंच छातीतली आहे का. लहान मुलांचं नाक चोंदलं की पाठीवर हात ठेवला तरी खरखर जाणवते आणि आपण म्हणतो छाती भरली. नाकात सलाईनचे थेंब टाका, नाक मोकळं करा, पाच मिनिटं थांबा. आवाज गेला किंवा बराच कमी झाला तर तो नाकाघशातला होता, त्याला नेब्युलायझरमधल्या श्वासनळी उघडणाऱ्या औषधाचा काही उपयोग नाही. छातीतली खरी घरघर म्हणजे बारीक शिट्टीसारखा सूं सूं आवाज, तो श्वास सोडताना येतो आणि श्वास सोडायला वेळ लागतोय असं दिसतं. आवाज श्वास आत घेताना येत असेल, जाडसर असेल, आवाज बसलाय आणि खोकला कुत्रं भुंकल्यासारखा येतोय, तर तो घशाच्या खालच्या भागाला सूज आल्याचा प्रकार, त्याचं औषध वेगळं. घरी मशीन लावत बसू नका, दाखवून आणा.

आणि एक प्रकार असा की ज्यात एक मिनिटसुद्धा घरी घालवायचा नाही. सर्दी नाही, ताप नाही, मूल मस्त खेळत होतं आणि शेंगदाणे, फुटाणे नाहीतर सीताफळ खाता खाता अचानक ठसका लागला, आणि तेव्हापासून खोकला किंवा घरघर आहे. ठसका थांबून मूल नॉर्मल वाटलं तरीही. दाण्याचा तुकडा किंवा बी एका बाजूच्या श्वासनळीत जाऊन बसलेली असू शकते, आणि मग आठवडाआठवडा "अस्थमासारखं आहे" म्हणून वाफारे चालू राहतात. एकाच बाजूने आवाज येतो, औषधाने तात्पुरतं पण बरं वाटत नाही, किंवा एकाच बाजूचा न्यूमोनिया परत परत होतो, अशा वेळी डॉक्टरांना स्वतःहून सांगा की ठसका लागला होता. तो ठसका महिन्यापूर्वीचा असला तरी सांगा. कुणी विचारेल याची वाट बघू नका.

बरं, नाक नाही, ठसका नाही, डॉक्टरांनी स्टेथो लावून सांगितलंय की छातीत व्हीझ, म्हणजे तीच शिट्टीसारखी घरघर आहे. टॉडलर्समधे हे बहुतेकदा सर्दीच्या व्हायरसमुळे होतं. श्वासनळ्या मुळातच बारीक, त्यात आतून सूज, त्यात चिकट कफ आणि बाहेरचे स्नायू आवळलेले. या वयात वर्षाला ६ ते ८ सर्द्या होणं नॉर्मल आहे, प्लेग्रुपला जाणाऱ्याला जास्तच, म्हणून प्रत्येक सर्दीला घरघर होणाऱ्या मुलाच्या आईला वाटतं की हे कधी बरंच होत नाही. अमेरिकेत टक्सनला मुलांना जन्मापासून फॉलो केलेला एक मोठा अभ्यास १९९५ मधे छापून आला, त्यात पहिल्या ३ वर्षांत घरघर झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांची ६ व्या वर्षापर्यंत थांबलेली होती. म्हणजे आत्ता पंप दिला म्हणजे जन्माचा दमा, असं काही नाही. आणि पंपाची सवय लागते हेही नाही. दर वेळी पाठ थोपटत आज्या मला हे विचारतात, त्यांच्यावर राग नाही माझा, त्यांनी बघितलेला दमा वेगळ्या काळातला होता, तेव्हा पंप अगदी शेवटी यायचा.

आता एका मुलाचं उदाहरण घेते, कारण त्याच्याकडे एकाच वेळी सगळंच चुकत होतं. साधारण अडीच वर्षांचा मुलगा, सर्दीला दोन दिवस झालेले, रात्रीपासून धाप. आई म्हणाली रात्रभरात तीन वेळा मशीन लावलं. मी म्हटलं, ताई मशीन आणलंय ना, मग इथे जसं घरी लावता तसंच लावून दाखवा. आजीने त्याला मांडीवर आडवं घेतलं, मशीन सुरू केलं, मास्क तोंडापासून दोन बोटं लांब धरला कारण "जवळ नेला की रडतो हो". धूर छान निघत होता, पोराच्या कपाळावरून वर जात होता. आणि औषधाचा कप जरा तिरका झाला की धूर अधूनमधून बंद व्हायचा. किती वेळ चालतं विचारलं तर म्हणाली वीस पंचवीस मिनिटं, झोपेत लावतो, झोपेतच बरं पडतं.

आता एकेक बघू. मास्क लांब धरला तर बाहेर पडणाऱ्या औषधातलं जवळजवळ सगळं हवेत जातं. दोन बोटं म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण मूल श्वास घेतं ती हवा मास्कच्या कडेने आत येते आणि औषधाचा धूर त्याच फटीतून बाहेर जातो. मास्क चेहऱ्याला टेकलेला पाहिजे, नाक आणि तोंड दोन्ही झाकलेलं, खालची कड हनुवटीवर, वरची नाकाच्या बुडाशी, डोळ्यांवर नाही. मोठ्या माणसाचा मास्क लहान मुलाला लावला की तो डोळ्यांपर्यंत जातो आणि गालाशी फट राहते, तो चालत नाही, मेडिकलमधे चाइल्ड मास्क वेगळा मिळतो.

दुसरं रडणं. लोकांना वाटतं रडताना मोठा श्वास घेतो म्हणजे औषध जास्त जात असेल. उलट आहे. रडताना श्वास सोडणं लांबलचक चालतं, आत घेणं मात्र एकदम झटक्यात होतं, त्या झटक्यात औषधाचे थेंब घशातच आपटतात आणि गिळले जातात, फुफ्फुसात अगदी नावाला पोचतं. म्हणून "धरून बसलो, रडला तर रडला, पण औषध गेलं" यात औषध गेलेलं नसतं. झोपेतलं पण तसंच थोडंसं. मास्क नीट दाबला की बरीच मुलं जागी होतात आणि मग रडतात, आणि जागं होऊ नये म्हणून आपण मास्क लांब धरतो, म्हणजे फिरून तिथेच आलो. शांत, जागं, टेकून सरळ बसलेलं मूल हे सगळ्यात चांगलं.

तिसरं, पंचवीस मिनिटं. कंप्रेसरवालं मशीन असेल तर ३ ते ४ मिली औषध साधारण ८ ते १० मिनिटांत संपलं पाहिजे, मग फुर्र फुर्र आवाज येतो आणि धूर तुटक होतो, तिथे थांबायचं. तेवढ्याला पंचवीस मिनिटं लागत असतील तर कपातलं बारीक भोक औषधाच्या खपलीने बुजलेलं असतं, किंवा कपातला छोटा प्लास्टिकचा भाग (धुताना सिंकमधे हरवतो तोच) बसवलेला नसतो, किंवा नळी मशीनपाशी सैल असते, किंवा मशीनच्या बाजूचा एअर फिल्टर काळा झालेला असतो. या मुलाच्या मशीनचा फिल्टर उघडला तर राखाडी लोकरीसारखा होता, तो मुळात पांढरा असतो हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. कप बदलायला शंभर दोनशे रुपयांचं काम आहे, मशीन बदलायची गरज नसते.

आणि कपात किती भरायचं हे पण बघा. बहुतेक कपांमधे शेवटी साधारण १ मिलीच्या आसपास औषध तळाशी, भिंतींना उरतंच, ते धूर होत नाही. म्हणजे नुसतं २ मिलीचं एक रेस्प्यूल ओतलं तर निम्मं कपातच राहिलं. तेच नॉर्मल सलाईन घालून ४ मिली केलं तर एक चतुर्थांश राहिलं. म्हणून डॉक्टर चिठ्ठीत "एन एस २ मिली" असं लिहितात, ते उगाच नसतं, पण बरेच जण "पाणी घालून औषध पातळ कशाला करायचं" म्हणून टाळतात. सलाईन म्हणजे मेडिकलमधे मिळणारं स्टराइल नॉर्मल सलाईन, तेही छोटं पॅक, उघडलं की उरलेलं फेकायचं. नळाचं, फिल्टरचं, उकळून गार केलेलं पाणी अजिबात नाही. साध्या पाण्याने श्वासनळ्या आणखी आवळू शकतात आणि जंतूंचं वेगळंच.

मग आम्ही त्या मुलाला डॉक्टरांच्या सांगण्यावरून मशीन बाजूला ठेवून स्पेसरने औषध दिलं. ऑक्सिजन ठीक होता, ९५ होता, खेळणं मागत होता, म्हणून. शर्ट काढून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ५२. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. श्वासनळी उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलचे दोन पफ दिले, एकावेळी एक. वीस मिनिटांनी ४४. परत दोन पफ. त्यानंतर वीस मिनिटांनी ३८, बरगड्या जवळजवळ शांत, आणि त्याने बिस्कीट मागितलं. रात्री तीनदा दिलेलं औषध पण याच जातीचंच होतं, लेव्होसाल्ब्युटामॉल. आई माझ्याकडे बघतच राहिली.

साधी घरघर असेल, म्हणजे जीवावर बेतलेलं नसेल, तर मास्क लावलेल्या स्पेसरने दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, हे खूप अभ्यासांतून दिसलेलं आहे, मुलांच्या इमर्जन्सीतला मुक्काम पण त्याने कमी होतो. दोन तीन मिनिटांत संपतं, वीज लागत नाही, गावी जाताना पिशवीत मावतं. तरी लोकांचा विश्वास मशीनवर, कारण धूर दिसतो आणि आवाज येतो! ऑक्सिजन कमी असेल, मूल दमलेलं असेल तर हॉस्पिटलमधे ऑक्सिजनवर नेब्युलायझेशन देतात, तो भाग वेगळा.

आता स्पेसर कसा वापरायचा ते अगदी हळू हळू सांगते कारण इथेच सगळं आहे. मुलाला मांडीवर पाठ तुमच्या छातीला टेकून बसवा, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, डोकं तुमच्या खांद्याला. पंपाचं झाकण काढा (हसू नका, झाकण न काढता स्पेसरला लावणारे मी बघितलेत), आत काही कचरा नाही ना बघा. पाच सहा वेळा जोरात हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन तीन पफ हवेत उडवून द्या, किती ते पंपाच्या कागदावर लिहिलेलं असतं. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात उभा बसवा, धातूची बाटली वर. मग मास्क नाकातोंडावर टेकवा, आणि आधी दोन श्वास नुसते घेऊ द्या, औषध न मारता, म्हणजे मूल बुजत नाही. आता एकदाच दाबा. एकच पफ. मास्क तसाच धरून ठेवा आणि ५ ते ६ श्वास मोजा, शांत नेहमीचे श्वास, खोल श्वास घे वगैरे सांगायची या वयात गरजच नाही. स्पेसरमधे पातळ पडद्याचा व्हॉल्व्ह असतो, तो प्रत्येक श्वासाला हलताना दिसतो किंवा टिक टिक ऐकू येते. तो हलत नसेल तर मास्कला फट आहे, बाकी काही नाही. मास्क काढा, अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप परत हलवा, मग दुसरा पफ.

यातलं सर्वात जास्त चुकतं ते म्हणजे दोन्ही पफ एकदम आत मारणं. वेळ वाचतो असं वाटतं पण दोन फवारे एकमेकांत मिसळून मोठे थेंब होतात आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात, म्हणजे दोन पफ मारूनही दोन पफांएवढं औषध जात नाही. न हलवता दुसरा मारला तर बाटलीत औषध खाली बसलेलं असतं, गॅसच जास्त येतो. आणि पफ मारून मग मास्क लावायला जाणं, तोपर्यंत आतलं औषध खाली बसायला लागतं, म्हणून मास्क आधी, पफ नंतर.

स्पेसर धुणं हे आणखी एक. प्लास्टिकवर स्टॅटिक चार्ज असतो, कोरड्या केसांवर कंगवा फिरवला की कागदाचे कपटे चिकटतात ना तेच, तसं औषध आतल्या भिंतीला चिकटतं. नवा कोरा साधा प्लास्टिकचा स्पेसर पाकिटातून काढून थेट वापरला तर पहिल्या दिवसांत औषध कमी जातं. उपाय सोपा आहे, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, सुटा करून पंधरा मिनिटं बुडवा, काढा आणि रॅकवर उभा करून आपोआप वाळू द्या. आतून कापड फिरवायचं नाही, पुसलं की चार्ज परत येतो. मास्क मात्र साध्या पाण्याने धुवून घ्या, तो तोंडाला लागतो. अँटिस्टॅटिक लिहिलेले स्पेसर मिळतात त्यांना हा त्रास कमी, तरी धुवायचे असतातच, आठवड्याला किंवा महिन्याला ते सोबतच्या कागदावर बघा. व्हॉल्व्ह वाकडा झाला, कडक झाला की नवा घ्या.

मशीनच्या कपाचं तर रोजचं काम आहे. प्रत्येक वेळी वापर झाला की उरलेलं ओतून द्या, कप आणि मास्क वाहत्या पाण्याने धुवा, झटकून स्वच्छ कापडावर वाळवा. ओला कप डब्यात बंद करून ठेवणं म्हणजे जंतूंना घर दिलं, पुढच्या वेळी तेच छातीत. नळी आतून धुवायची नाही, आत पाणी दिसलं तर कप काढून नुसतं मशीन चालू ठेवा, हवेने वाळते. उकळून चालतं का ते त्या कपाच्या माहितीपत्रकावर बघा, काही कप उकळले की वाकडे होतात.

रडतो त्याचं काय, हा प्रश्न येणारच. आजारी नसताना शिकवा. खेळताना स्पेसर हातात द्या, बाहुलीला लावू द्या, बाबांना लावू द्या, मास्क त्याचा त्यालाच तोंडावर धरू द्या, औषधाशिवाय. मग मोबाईलवर एकच ठरलेलं गाणं फक्त याच वेळी. दोन तीन दिवसांत बरीच मुलं स्वतः तोंड पुढे करतात. ऐन धाप लागलेल्या रात्री पहिल्यांदा पाकीट फोडलं तर कुणीही घाबरेल. फारच रडला तर दोन मिनिटं थांबा, उचलून फिरवा, शांत झाला की परत. आणि त्या रडण्यात वाया गेलेला पफ धरायचा की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आता औषधांचा गोंधळ. घरी दोन प्रकारची औषधं असतात आणि दोन्हीला आपण "नेब्युलायझरचं औषध" म्हणतो. एक म्हणजे त्या क्षणी श्वासनळी उघडणारं, साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल, लोक अस्थालिन, लेव्होलिन नावाने ओळखतात. १० ते २० मिनिटांत फरक दिसतो, ३ ते ४ तास टिकतो. दुसरं म्हणजे सूज कमी करणारं स्टिरॉइड, बुडेसोनाइड, म्हणजे बुडेकॉर्ट. याचा परिणाम बसायला दिवस, आठवडे लागतात, म्हणून ते दिलेल्या मुलाला रोज ठरलेल्या वेळी, खोकला नसतानाही द्यायचं असतं, आणि एकदम धाप लागलेली असताना त्या क्षणी त्याच्यावर अवलंबून राहता येत नाही. त्या अडीच वर्षांच्या मुलाकडे नेमकं उलटं होतं. डॉक्टरांनी तीन महिने सकाळ संध्याकाळ लिहिलेलं बुडेसोनाइड खोकला थांबला की बंद व्हायचं आणि अटॅकच्या वेळी दिवसातून चारदा सुरू व्हायचं. म्हणून दर सर्दीला परत.

चिठ्ठीवर नाव आणि स्ट्रेंग्थ दोन्ही वाचा, रंगावर जाऊ नका. लेव्होसाल्ब्युटामॉलचं रेस्प्यूल ०.३१, ०.६३ आणि १.२५ मिलिग्रॅम असं तीन प्रकारचं येतं, बुडेसोनाइड पण ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅममधे, आणि मेडिकलवाला "तेच आहे हो" म्हणून जे असेल ते देतो. श्वासनळी उघडणाऱ्या औषधाचा डोस झाल्यावर हात थरथरणं, छाती धडधडणं, मूल रात्री अकराला घरभर पळणं, हे दिसतं आणि ओसरतं, पण नेहमीपेक्षा फार जास्त वाटलं तर स्ट्रेंग्थ परत बघा. बुडेसोनाइडनंतर पाणी पाजा, तोंड पुसून घ्या आणि मास्कखालचा चेहरा धुवा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, गालावर पुरळ येतं. बुडेसोनाइड अल्ट्रासॉनिक प्रकारच्या मशीनमधे चालत नाही, त्याला कंप्रेसरवालं मशीन लागतं, मेश प्रकारचं मशीन असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

पंप रिकामा झालाय का हे हलवून कळत नाही, पाण्यात तरंगवून तर नाहीच (ही युक्ती अजून फिरतेय, त्याने तोंड बुजतं पण). औषध संपल्यावरही गॅसचा फुस्स आवाज येतच राहतो. काउंटर असेल तर तो बघा. नसेल तर हिशोब करा, बाटलीवर डोस लिहिलेले असतात, समजा २०० आहेत आणि रोज सकाळी १ संध्याकाळी १, म्हणजे १०० दिवस. सुरू केल्याची तारीख बाटलीवर मार्करने लिहा. लागेल तेव्हाच वापरायच्या पंपाला झाकणावर चिकटपट्टी लावून रेघा मारतात काही आया, ते झकास चालतं.

घरातली हवा पण बघाच. अंघोळीनंतर बाळाला ओवा लसणाची धुरी द्यायची पद्धत अजून खूप घरांत आहे, ती घरघर असलेल्या मुलाला बंद. डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप, गॅलरीत जाऊन ओढलेली सिगरेट (कपड्यांना धूर असतोच), दिवाळीत दारात लावलेली माळ, सगळं त्यातच. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ पण नको, त्याने श्वासनळी उघडत नाही आणि पातेलं उलटून भाजलेली मुलं आम्ही दर थंडीत बघतो. खोकल्याच्या सिरपबद्दल एवढंच की क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखालच्यांना द्यायची नाहीत असं बाटलीवर लिहायला देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मधेच सांगितलंय, तेव्हा घरात मोठ्या भावंडाची उरलेली बाटली असेल तर ती नको.

आता दवाखान्यात कधी पळायचं. तुमच्या डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या, किती पफ, किती वेळाने, किती वेळा. बऱ्याच ठिकाणी ५ वर्षांखालच्या मुलांसाठी साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे २ पफ, गरज पडली तर २० मिनिटांनी परत, असं जास्तीत जास्त तीनदा, असं असतं. म्हणजे पहिल्या दोन तासांत ६ पफच्या वर लागतायत, तर आणखी देत घरी बसायचं नाही, निघायचं. बरं वाटून तासादीड तासात परत धाप लागली तरीही निघा. २४ तासांत सुधारणा नाही तरी. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर काही तासांत पुन्हा पुन्हा लागतंय एवढंच कारण पुरे, त्याच दिवशी दाखवा.

आणि खालचं काही दिसलं तर पफ देत देतच १०८ ला फोन किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल. ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी. दूध पाणी पिता येत नाही, दोन शब्द बोलून थांबतंय, रडायचं पण बळ नाही. बरगड्यांखाली, गळ्याच्या खड्ड्यात कातडी खोल आत जातेय. मूल सुस्त, ओळख देत नाही. घरी ऑक्सिमीटर असेल आणि नीट बसवून, बोट गरम असताना ९२ च्या खाली दाखवतंय. आणि सगळ्यात फसवं म्हणजे घरघर बंद झाली पण मूल दमलेलंच आहे. याला लोक "आवाज गेला, बरं वाटतंय" समजतात. हवाच जात नसेल तर शिट्टी कुठून वाजणार? आवाजापेक्षा श्वास मोजा, शांत असताना किंवा झोपेत, शर्ट वर करून, घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद. १ ते ५ वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. ताप असेल तर थोडे वाढतात, ताप उतरल्यावर परत मोजा.

दाखवायला जाताना मशीन, कप, मास्क, पंप, स्पेसर सगळं पिशवीत घालून न्या, फक्त चिठ्ठी नको. आणि रात्री घरघर होते आणि सकाळी ओपीडीत छाती स्वच्छ असते हे नेहमीचंच, त्यासाठी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, शर्ट वर केलेला, लाइट चालू, टीव्ही बंद, पोट आणि बरगड्या दिसतील असा. पफ देण्याआधी एक आणि वीस मिनिटांनी एक. डॉक्टरांना त्यावरून कळतं की आवाज छातीतला आहे की घशातला, आणि औषधाने श्वासनळी उघडतेय की नाही.